'घालुनी घाव… भीमराव' आणि मागे कडकडीत वाद्य: हे कोणतं गाणं?

प्रश्न: पुण्याच्या गुडलक चौकात पथनाट्याआधी पोरं गात होती, 'बदल… घालुनी घाव… भीमराव'. वाद्य कडकड वाजत होतं. ॲपला सापडलं नाही. कोणतं गाणं?

उत्तर: अण्णाभाऊ साठेंचं 'जग बदल घालुनी घाव, सांगून गेले मज भीमराव'. 'घाव–भीमराव' हे यमकच त्याची खूण. पुढच्या कडव्यात चिखलात रुतलेला ऐरावत ऐकू आला असेल तर शंकाच नको.

ॲप ध्वनिमुद्रणाशी ताडून बघतं, चौकातल्या गाण्याशी जुळवणार कशाशी? शिवाय प्रत्येक पथकाची चाल थोडी वेगळी. म्हणून शब्दच पकडायचे: ऐकलेला तुकडा देवनागरीत, अवतरणचिन्हांत टाकून शोधा.

वाद्य बहुधा हलगी. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात लांब बारीक काडी, त्यामुळे ठोक्यांच्या मधे तो कडकडाट भरतो. हाताच्या थापेने वाजत असेल तर तो शाहिरी डफ, आवाज जरा गोल. पण नुसत्या ठेक्यावरून गाणं ओळखायला जाऊ नका. त्याच ठेक्यावर पोरं दहा गाणी म्हणतात, मधेच स्वतःच्या घोषणाही घुसवतात.

१ ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, सारसबागेजवळच्या त्यांच्या पुतळ्यापाशी चक्कर मारा.