कानाचा पडदा स्वच्छ आहे, एवढ्यावर घरी परतू नका

«काल सकाळी उठलो तर उजव्या कानाला दडे बसल्यासारखं वाटलं. दुपारपर्यंत कळलं की त्या कानाने फोनवरचं काहीच ऐकू येत नाही, आत सतत शिट्टी वाजते आहे. दुखत नाही, ताप नाही. जवळच्या डॉक्टरांनी आत पाहिलं. मळ नाही, पडदा ठीक आहे, सर्दीने कानातून घशात जाणारी नळी बंद झाली असेल म्हणाले. नाकातला स्प्रे दिला आणि आठवड्याने या म्हणाले. थांबू का?»

थांबू नका. आजच्या आज कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे प्रत्येक कानाला किती ऐकू येतं ते मोजणारी चाचणी, करून घ्या. मी डॉक्टर नाही, पण तुमच्या पोस्टमधली जवळजवळ प्रत्येक ओळ माझ्या डाव्या कानावर गुदरलेली आहे. ‘मळ नाही, पडदा ठीक आहे’ हे वाक्यसुद्धा मी जसंच्या तसं ऐकलंय. माझं सगळ्यात जास्त नुकसान त्याच वाक्याने केलं, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं की ढोबळमानाने दोन शक्यता असतात. पहिली म्हणजे आवाज आत पोचण्याच्या वाटेत अडथळा: मळ, पडद्यामागे साचलेलं पाणी, फाटलेला पडदा. दुसरी म्हणजे वाट मोकळी आहे, पण आतल्या कानाने किंवा नसेने काम थांबवलंय; यालाच अचानक बहिरेपणा म्हणतात. पहिल्या प्रकारात डॉक्टरांना दुर्बिणीतून बहुतेक वेळा काहीतरी दिसतं. दुसऱ्या प्रकारात काहीच दिसत नाही, कारण बिघाड पडद्याच्या बराच आत, हाडात दडलेल्या शंखासारख्या कॉक्लियात असतो. म्हणजे कान ऐकत नाही आणि पडदा मात्र चकचकीत निरोगी दिसतोय, ही दिलासा देणारी गोष्ट नाहीच. ती धोक्याची खूण आहे. मला तपासणाऱ्या दवाखान्यात (नाव घेत नाही) नेमका याच्या उलट अर्थ लावला गेला. मी दोनदा विचारलं, की सगळं ठीक आहे तर मग ऐकू का येत नाही? उत्तर आलं, “सूज आहे, उतरेल.” कुठली सूज, कुठे दिसली, याला उत्तर नव्हतं.

हा फरक ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटल्यावर ठरावीक सूर देणारा धातूचा चिमटा, वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवायचा आणि आवाज कुठल्या कानात येतो ते विचारायचं. वाटेत अडथळा असेल तर आवाज बिघडलेल्या कानात मोठा येतो. नस किंवा आतला कान गेला असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. मिनिटभराचं काम, पण माझ्या बाबतीत त्या दवाखान्यात कुणी केलं नाही.

फोर्क नसेल तर घरीही अंदाज घेता येतो. आधी चांगल्या कानात बोट घालून तोंड मिटून ‘हंऽऽ’ असं गुणगुणा. आवाज बोट घातलेल्या कानात घुमतो. अडथळा असताना असं होतं, एवढं ओळखून ठेवा. आता बोट काढून पुन्हा गुणगुणा. आवाज बिघडलेल्या कानात घुमला तर अडथळ्याची शक्यता जास्त. चांगल्या कानाकडे गेला तर आतल्या कानाचा संशय धरा आणि लगेच निघा. या प्रयोगावरून निदान होत नाही. दोन्ही कान आधीपासून कमी-जास्त असतील तर तो फसवतो, आणि आवाज ‘योग्य’ बाजूला गेला म्हणून तपासणी टाळायचा परवानाही मिळत नाही. पण डॉक्टरांपुढे बसून “गुणगुणल्यावर आवाज चांगल्या कानात जातो” एवढं सांगितलंत तरी बोलण्याचा रोख बदलतो.

आता घाई कशासाठी. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्या भागाला रक्त पुरवणारी धमनीही जवळपास एकटीच असते, तिला पर्यायी रस्ता नाही. नेमकं कारण दहातल्या साधारण नऊ जणांत सापडतच नाही. विषाणू, रक्तपुरवठा, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला असे अंदाज बांधले जातात. उपचार म्हणून मुख्यतः स्टेरॉइड देतात आणि त्याची वेळ ठरलेली आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2019 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत सुरुवातीचा स्टेरॉइड ऐकू येणं गेल्यापासून 2 आठवड्यांच्या आत द्यावा असं म्हटलंय. त्याने पुरेसा फरक पडला नाही तर पडद्यातून मधल्या कानात इंजेक्शन द्यायचं, तेही 2 ते 6 आठवड्यांच्या दरम्यान. पहिले काही दिवस सर्वांत मोलाचे मानतात. आणि तुम्हाला आठवड्याने बोलावलंय!

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. काहीही न करता बरे होणारे लोकही आहेत. जुन्या अहवालांत साधारण एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश लोकांना आपोआप थोडंफार परत आलेलं दिसतं. स्टेरॉइडमागचा पुरावाही डॉक्टर स्वतः फार भक्कम मानत नाहीत. तरी माझं मत ठाम आहे. आपण कुठल्या गटात आहोत हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही, आणि थांबून पाहिलं तर कळेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. सोबत चक्कर असेल, ऐकू येणं अगदी शून्याजवळ गेलं असेल किंवा वय जास्त असेल तर आपोआप बरं होण्याची आशा आणखी कमी.

माझं काय झालं ते आकड्यांत सांगते, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर तुम्हाला वाचता येईल. स्प्रे मारत मी आठवड्याहून जास्त काळ काढला. मग दुसरीकडे ऑडिओमेट्री झाली. त्यात आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं. उजव्या कानाची रेघ 15-20 डेसिबलवर, म्हणजे नॉर्मल. डाव्याची 55 पासून सुरू होऊन वरच्या सुरांकडे 75 पर्यंत घसरलेली. हवेतून दिलेला आवाज आणि कानामागच्या हाडातून दिलेला आवाज, दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून होत्या. तिथे गोष्ट उघड झाली, कारण अडथळा असता तर हाडाची रेघ वर राहिली असती. मधल्या कानाचा दाब मोजणारी टिंपॅनोमेट्रीही अगदी नॉर्मल, म्हणजे ‘नळी बंद’ हा तर्क तिथेच संपला. अचानक बहिरेपणाची वैद्यकीय व्याख्या आहे 72 तासांच्या आत, सलग 3 फ्रिक्वेन्सींवर, किमान 30 डेसिबलची घट. मी त्यात आरामात बसत होते.

चाचणी करताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. बिघडलेल्या कानात मोठा आवाज दिला की तो कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानाला पोचतो आणि तुम्ही भाबडेपणाने बटण दाबता. म्हणून चांगल्या कानात त्या वेळी खरखर सोडतात, त्याला मास्किंग म्हणतात. ती सोडली नाही तर कान आहे त्यापेक्षा बरा दिसतो. खरखर आली नाही तर निःसंकोच विचारा.

त्यानंतर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू झाल्या. नेहमीचं प्रमाण वजनाच्या किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 60, असं 7 ते 14 दिवस आणि मग हळूहळू कमी. हे तुमच्या माहितीसाठी. कृपा करून दुकानातून स्वतः आणून घेऊ नका. मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू, पोटातला अल्सर, जुना क्षयरोग, गर्भारपण यातलं काहीही असेल तर आधी सांगा. अशांना बऱ्याचदा गोळ्यांऐवजी थेट कानातलं इंजेक्शन देतात. ते मलाही नंतर घ्यावं लागलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण पडदा बधिर करून बारीक सुईने जेमतेम अर्धा मिलिलीटर औषध आत सोडतात. मग कान वर करून पडून राहायचं, गिळायचं नाही, बोलायचं नाही, म्हणजे औषध नळीतून घशात उतरत नाही. औषध शरीराइतकं कोमट नसेल तर जोरदार गरगरतं, तेव्हा विचारून घ्या.

शेवटी खालचे सूर 30 डेसिबलपर्यंत आले, वरचे 60 लाच अडकले. पुरुषाचा आवाज कळतो, गर्दीत बायका-मुलांचं बोलणं तुटक येतं, आणि हाक कुठल्या दिशेने आली ते ओळखता येत नाही. लवकर सुरू केलं असतं तर सगळं परत आलं असतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण ती संधी मला त्या दवाखान्याने मिळू दिली नाही, एवढं नक्की.

अपॉइंटमेंटचंही सांगते, कारण तिथेही अडकाल. “कान बंद झालाय” असं फोनवर सांगितलंत तर पुढच्या महिन्याची तारीख मिळते. समोरची व्यक्ती ते शब्द दिवसातून कैक वेळा ऐकते. त्यापेक्षा “काल सकाळपासून एका कानाने ऐकू येणं गेलंय, पडदा नॉर्मल आहे, अचानक बहिरेपणाचा संशय आहे, आज ऑडिओमेट्री हवी” असं म्हणा. तरी तारीखच दिली तर मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. आणि तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, दोन-दोन दिसणं, हातापायात अशक्तपणा किंवा उभंही राहता येऊ नये इतका तोल जाणं, यातलं काही सोबत असेल तर कान बाजूला ठेवा आणि थेट तातडीच्या विभागात पोचा. तो पक्षाघात असू शकतो.

रक्ताभिसरण वाढवणाऱ्या गोळ्या, विषाणूविरोधी औषधं आणि जीवनसत्त्वांची पिशवी कुणी हातात ठेवली तर मी तरी दोनदा विचार करीन. पहिल्या दोन्हींचा सर्रास वापर करू नये असं वरच्याच मार्गदर्शिकेत आहे. डोक्याचा सरसकट सीटी स्कॅनही नको असं तिथे म्हटलंय. त्याऐवजी ऐकण्याच्या नसेचा एमआरआय करतात, कारण थोड्या लोकांत नसेवरची गाठ अशीच पहिल्यांदा समोर येते. गाठ सहसा कर्करोगाची नसते, पण माहीत असायला हवी. ऐकू परत आलं तरी हा एमआरआय टाळू नका. गाठ असतानाही स्टेरॉइडने तात्पुरतं ऐकू येऊ शकतं. उपचार संपल्यावर एकदा आणि पुढच्या 6 महिन्यांत पुन्हा एकदा ऑडिओमेट्री करून घ्या.

गोळी मिळाली तर सकाळी, खाल्ल्यानंतर घ्या. संध्याकाळी घेतली तर रात्रभर टक्क जागे राहाल.