संत्री घ्या, पण बहार बघून

नागपुरात संत्र्याचे दोन हंगाम असतात. आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिल. आंबियाच्या पहिल्या फळांची घाई करू नका, ती महागही असतात आणि आंबटही. नोव्हेंबरात आवक वाढून भाव उतरला की घ्या. गोडीला मात्र मार्चमधल्या मृगाची तोड नाही.

नुसत्या रंगावर जाऊ नका. रंग थंड रात्रींनी चढतो, म्हणून हिरवट फळही गोड निघू शकतं. फळ हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने हलकं लागलं आणि साल फुगून फोडींपासून सुटलेली वाटली, तर ते झाडावर जास्त राहिलेलं, आतून कोरडं असतं. आंबट फळ घरी ठेवून पिकेल, या आशेवर राहू नका. तोडल्यानंतर संत्र्यात साखर वाढत नाही.