रूमचं भाडं जास्त घेतलं म्हणून सगळंच बिल कापलं?

प्रश्न: पॉलिसीत रूमची मर्यादा रोज 5,000, आम्ही 8,000 ची घेतली, चार दिवस. बिल 2,08,000 झालं, कंपनीने 1,26,250 दिले. हे बरोबर आहे का? उरलेल्याचा दावा कसा मांडू?

उत्तर: तुमचे आकडे पाहता कंपनीने हातमोजे-डायपरसारख्या न मिळणाऱ्या वस्तूंचे 6,000 वगळले आणि उरलेल्या 2,02,000 ना सरसकट 5/8 ने गुणलंय. त्याचं उत्तर नेमकं 1,26,250 येतं. चूक इथेच आहे.

विमा नियामकाच्या 2020 च्या नियमांनुसार प्रपोर्शनेट डिडक्शन, म्हणजे रूम मर्यादेपेक्षा महाग घेतली म्हणून बाकी खर्चातही त्याच प्रमाणात केलेली कपात, औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांना लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. ते लागतं ते रूमच्या दर्जाप्रमाणे बदलणाऱ्या खर्चाला, म्हणजे डॉक्टरांच्या व्हिजिट, सर्जन, भूल, ओटी यांना.

आता एक्सेलमध्ये तक्ता करा. रकाने चारच: बिलातली बाब, बिलाची रक्कम, नियमाने देय, कंपनीने दिलेली. फायनल बिलात नुसतं ‘फार्मसी 30,000’ असतं, म्हणून तारीखवार ब्रेकअप मागून घ्या. परत केलेल्या औषधांची वजावट त्यातच दिसते, आणि मेडिकलची बिलं वेगळी जोडली तर तीच रक्कम दोनदा धरली जाते. हा घोळ फार जणांचा होतो.

समजा ब्रेकअप असा निघाला: रूम 32,000, व्हिजिट 8,000, ऑपरेशन 80,000, औषधं 30,000, इम्प्लांट 40,000, तपासण्या 12,000. रूमचे 20,000 मिळतील. व्हिजिट आणि ऑपरेशनच्या ओळींना हे सूत्र:

```
=B3*5000/8000
```

म्हणजे 5,000 आणि 50,000. औषधं, इम्प्लांट, तपासण्या मिळून 82,000 जसेच्या तसे. बेरीज 1,57,000. कमी मिळाले 30,750, म्हणजे या 82,000 चे बरोबर 3/8. तक्रारीत हीच तीन ओळींची फोड लिहा, ‘कपात अन्यायकारक आहे’ असं मोघम नको.

त्याआधी पॉलिसीत मर्यादा नुसत्या भाड्याची आहे की नर्सिंगसकट, ते वाचा. नर्सिंग धरलं तर 8,000 चा आकडा वाढतो आणि गुणोत्तर घसरतं. आणखी एक गोष्ट हॉस्पिटलला विचारा: सर्व रूमसाठी ऑपरेशनचा दर एकच आहे का? असेल तर तसं पत्र किंवा दरपत्रक घ्या. मग व्हिजिट-ऑपरेशनवरचीही कपात टिकत नाही, फक्त भाड्यातला फरक तुमच्या अंगावर येतो.

तक्ता, ब्रेकअप आणि कंपनीचं सेटलमेंट लेटर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही. घरात दुसरी पॉलिसी असेल तर उरलेली रक्कम तिथेही मागता येते, पण तेव्हा सेटलमेंट लेटर आणि पहिल्या कंपनीने प्रमाणित केलेल्या बिलांच्या प्रती लागतात. मूळ बिलं जमा करण्यापूर्वीच सगळं स्कॅन करून ठेवलेलं बरं.