‘३६ टक्क्यांनी’ म्हणजे नेमके किती जण?

प्रश्न: ‘अॅटोर्व्हास्टॅटिनमुळे हार्ट अटॅकची जोखीम ३६ टक्क्यांनी घटली, ९५ टक्के विश्वास अंतराल १७ ते ५०, पी मूल्य ०.०००५’ असं एका लेखात वाचलं. म्हणजे शंभरातले ३६ जण वाचले का? आणि ‘विश्वास अंतराल’ला बरा मराठी शब्द नाही का?

छत्तीस नाही, शंभरातला साधारण एक जण वाचला. घोटाळा ‘टक्क्यांनी’ या शब्दात आहे, कारण कशाचे टक्के ते तो सांगत नाही.

अॅटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, आणि हे आकडे तिच्या ‘अॅस्कॉट’ नावाच्या चाचणीतले आहेत. ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातल्या देशांत ती झाली आणि २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बीपी असलेल्या, शिवाय हृदयविकाराला पोषक अशा आणखी किमान तीन गोष्टी असलेल्या सुमारे दहा हजार लोकांपैकी ५,१६८ जणांना खरी गोळी दिली, ५,१३७ जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. सव्वातीन वर्षांत बिनऔषधी गटात १५४ जणांना हार्ट अटॅक आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. औषधाच्या गटात असे १०० जण होते.

आता आपला जुना ‘शेकडा’ हा शब्द वापरून पाहा. बिनऔषधी गटात शेकडा ३, औषधाच्या गटात शेकडा १.९. शंभर पानांची पंगत डोळ्यांसमोर आणली, तर आधी तीन पानं रिकामी होणार होती, आता जवळजवळ दोन. हा फरक म्हणजे निरपेक्ष घट: शेकडा १.१. पण हाच फरक मूळच्या तीनाशी ताडून पाहिला की ३६ टक्के येतात, ती सापेक्ष घट. दोन्ही आकडे खरे आहेत. पण ‘शेकडा ३ वरून शेकडा १.९ वर’ हे वाक्य वाचणाऱ्याला फसवू शकत नाही, ‘३६ टक्क्यांनी’ हे फसवतं. अमेरिकेत याच गोळीच्या जाहिरातीत ३६ टक्के ठळक अक्षरांत असत आणि ‘३ टक्के विरुद्ध २ टक्के’ हे खाली तळटीपेत. निरपेक्ष घटीवरून आणखी एक हिशेब निघतो: एकाचा अटॅक टळावा म्हणून साधारण ९४ जणांनी सव्वातीन वर्षं गोळी घ्यायची. ज्यांची मुळातली जोखीम जास्त, त्यांच्यात हा ९४चा आकडा खाली येतो.

‘विश्वास अंतराल’ मला खटकतो. मराठीत विश्वास माणसावर असतो, आणि अंतराल म्हटलं की दोन गोष्टींमधली मोकळी जागा वाटते. मी ‘अंदाजाचा पल्ला’ म्हणेन. चाचणीतले दहा हजार लोक हा एक नमुना. दुसरे दहा हजार घेतले असते तर आकडा थोडा हलला असता. खरी घट १७ टक्के असो की ५० टक्के, हाती आलेल्या आकड्यांशी ती जुळते, एवढंच हा पल्ला सांगतो. ९५ हा आकडा रीतीचा आहे: अशाच चाचण्या पुन्हापुन्हा करून दर वेळी पल्ला काढला, तर शंभरातल्या सुमारे ९५ पल्ल्यांत खरी किंमत सापडेल. माणसं निवडतानाच चूक झाली असेल, तर मात्र हा पल्ला ती पकडत नाही.

पी मूल्य वाचताना सुरुवातीचा ‘जर’ विसरायचा नाही. जर गोळीचा काडीचाही उपयोग नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? इथे दहा हजारांत पाच. ‘गोळी निरुपयोगी असण्याची शक्यता दहा हजारांत पाच’ असा त्याचा अर्थ होत नाही. हा उलटा अर्थ लेखांत सर्रास दिसतो. पी मूल्य ०.०५ च्या खाली असलं की ‘लक्षणीय घट’ लिहितात, तेही मला पटत नाही. लक्षणीय म्हणजे आपल्याकडे डोळ्यांत भरण्याजोगं मोठं. पी मूल्य फरक किती मोठा ते सांगतच नाही. लोक पुरेसे घेतले तर चिमुकल्या फरकाचंही पी मूल्य खाली येतं. तिथे ‘योगायोगाने सहज न येणारी’ असं लांबलचक लिहिलेलं परवडलं.

याच चाचणीत कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू औषधाच्या गटात १८५ होते, दुसऱ्यात २१२. घट १३ टक्के, पण पल्ला २९ टक्के घटीपासून ६ टक्के वाढीपर्यंत, आणि पी मूल्य ०.१६. यावर ‘मृत्यूंत फरक पडला नाही’ असं लिहिणं चूक. फरक पडला की नाही, ते या चाचणीतून ठरलं नाही.

तुम्ही वाचलेलं वाक्य मी असं लिहिलं असतं: ‘सव्वातीन वर्षांत हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू येणाऱ्यांचं प्रमाण शेकडा ३ वरून शेकडा १.९ वर आलं, म्हणजे मूळ जोखमीच्या ३६ टक्के घट. अंदाजाचा पल्ला १७ ते ५० टक्के. औषध निरुपयोगी असतं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दहा हजारांत पाचदाच दिसला असता.’