पट्टीवरचे वॅट आणि वापराचे तास: हिशोब दुपटीहून जास्त का येतो?

प्रश्न: घरातल्या सगळ्या उपकरणांच्या मागच्या पट्ट्यांचे फोटो काढले आणि वॅट गुणिले रोजचे तास असं करून बेरीज केली. जिथे वॅट नव्हते तिथे २३० व्होल्ट गुणिले अँपिअर धरले. फ्रिज १.१ अँपिअर, २४ तास. लॅपटॉपचा अॅडॉप्टर १.५ अँपिअर, ६ तास. गीझर २००० वॅट, दीड तास. वॉशिंग मशीन २००० वॅट, दिवसाआड एक तास. बाकी पंखे, दिवे, टीव्ही. महिन्याला ४५० युनिट येतात, बिल १७० चं आहे. चूक कुठे होतेय?

उत्तर:

तुमचा गुणाकार बरोबर आहे. पण पट्टीवरचा आकडा त्या उपकरणाची कमाल भूक सांगतो. वायर, प्लग आणि फ्यूज किती ताकदीचे हवेत हे ठरवण्यासाठी तो छापलेला असतो. पंखा, दिवा, टीव्ही यांच्यात कमाल आणि प्रत्यक्ष यांत फार अंतर नसतं, म्हणून तिथे तुमची पद्धत चालते. तुमचे जादा युनिट जवळजवळ सगळे वर नाव घेतलेल्या चार वस्तूंमधून आलेत.

आधी अॅडॉप्टर, कारण तिथे आकडाच चुकीच्या ओळीतून घेतला गेलाय. फोटो मोठा करून पाहा. इनपुटच्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट आणि त्यापुढे १.५ अँपिअर असेल. हे १.५ अँपिअर म्हणजे सगळ्यात कमी व्होल्टला, १०० व्होल्टवर, लागू शकणारा प्रवाह आहे. व्होल्ट वाढले की प्रवाह कमी होतो, त्यामुळे त्याला २३० ने गुणणं बरोबर नाही. आउटपुटची ओळ घ्या. तिथे १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर असं काही असेल तर अॅडॉप्टर ६५ वॅटचा आहे. तुम्ही त्याला ३४५ वॅट धरलंत. बॅटरी भरलेली असताना साधं लिहिण्यावाचण्याचं काम चाललं असेल तर तो २०-३० वॅटच घेतो. ३० धरा. महिन्याचे ६२ युनिट साडेपाचवर येतात.

फ्रिज मात्र नीट समजून घ्यायला हवा, तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा आकडा त्याचाच आहे. १.१ गुणिले २३० म्हणजे २५३, आणि २४ तासांनी महिन्याला १८२ युनिट. यात दोन वेगवेगळ्या गोष्टी फुगल्या आहेत. पहिली, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे व्होल्ट-अँपिअर. मोटर असलेल्या उपकरणात प्रत्यक्ष वॅट त्याहून कमी असतात, आणि मीटर घरगुती वापराचे युनिट वॅटवरून मोजतो. शिवाय पट्टीवरचा प्रवाह कठीण परिस्थितीतला असतो, रोजचा नाही. दुसरी गोष्ट, कॉम्प्रेसर २४ तास चालत नाही. आतलं तापमान उतरलं की थांबतो, चढलं की पुन्हा सुरू होतो. फ्रिजचा प्लग दिवसभर लावलेला असतो, पण आपल्याला हवेत ते कॉम्प्रेसर चालल्याचे तास.

हे पट्टीवरून कळणार नाही, पण घरच्या मीटरवरून कळतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh किंवा 1600 imp/kWh असं लिहिलेलं असतं. 3200 असेल तर ३२०० लुकलुकींना एक युनिट. फ्रिज सोडून सगळं बंद करा, वायफायचा राउटर आणि चार्जरसुद्धा. कॉम्प्रेसर चालू असताना दहा लुकलुकींना लागलेले सेकंद मोजा. पहिली लुकलुक दिसली की तिथून शून्य मोजायला सुरुवात करायची, नाहीतर दहाऐवजी नऊच मोजल्या जातात. मग ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा, वॅट मिळतील. (मीटर 1600 चा असेल तर २२,५०० ला भागा.) समजा ११२ सेकंद लागले, तर फ्रिज १०० वॅट घेतोय. २५३ नाही.

आता आवाजावर लक्ष ठेवून कॉम्प्रेसर किती मिनिटं चालतो आणि किती थांबतो ते लिहा. दार उघडायचं नाही. २२ मिनिटं चालू, २४ बंद असं आढळलं तर तो सुमारे ४८ टक्के वेळ चालतो. १०० वॅट गुणिले ०.४८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला १.१५ युनिट. बर्फ वितळवणारा हीटर असेल तर त्याचे थोडे वर धरून १.२५ घ्या, महिन्याचे साधारण ३७. एका फेरीवर भागवू नका, तीन-चार फेऱ्यांची सरासरी घ्या. दुपारची उष्णता आणि वारंवार उघडलं जाणारं दार यांनी चालू वेळ बराच वाढतो.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवर ही युक्ती लागू पडत नाही. तो कमी वेगाने जवळजवळ सतत चालतो, त्यामुळे चालू-बंद असं मोजायला काही नसतं. अशा वेळी घर एक-दोन दिवस रिकामं असताना फक्त फ्रिज चालू ठेवून मीटरचे आधीचे आणि नंतरचे आकडे घ्या. हे दोन-चार तासांत उरकू नका. मीटर एक दशांश युनिटच दाखवत असेल तर एवढ्या वेळातला वापर त्या शेवटच्या अंकातच हरवून जातो. फ्रिजवर वर्षाला किती युनिट असं लेबल असेल तर त्याला १२ ने भागून पडताळा घेता येतो. तो आकडा ठरावीक चाचणीतला असतो, गरम स्वयंपाकघरात प्रत्यक्ष वापर त्याच्या वर जातो.

गीझरचे २००० वॅट मात्र खरे आहेत, कारण तो साधा हीटर आहे. फुगलेत ते तास. बटण दीड तास चालू होतं, पण पाणी तापलं की थर्मोस्टॅट हीटर तोडतो आणि बहुतेक गीझरवरचा छोटा दिवा विझतो. इथे तास सोडून पाण्यावरून हिशोब करा: लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले ८६०, म्हणजे युनिट. समजा तिघांनी मिळून ६० लिटर पाणी वापरलं आणि ते २२ वरून ४० अंशांवर आलं. ६० गुणिले १८, भागिले ८६० म्हणजे १.२६. गीझर आत ६० अंशांपर्यंत तापवतो आणि तुम्ही नंतर गार पाणी मिसळता, याने उत्तर बदलत नाही, उष्णता तेवढीच लागते. टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून दीड युनिट घ्या. म्हणजे हीटर प्रत्यक्षात पाऊण तासच चालला. महिन्याचे ९० युनिट ४५ झाले.

वॉशिंग मशीनच्या २००० वॅटमध्ये बहुतांश वाटा पाणी तापवणाऱ्या हीटरचा असतो. गार पाण्यावर धुत असाल तर फक्त मोटर आणि पंप चालतात. एका धुण्याला ०.२ युनिट धरा, ३० चे ३ होतील.

आता बेरीज पाहा. ४५० मधून जादा धरलेले युनिट, म्हणजे फ्रिजचे १४५, अॅडॉप्टरचे ५६, गीझरचे ४५ आणि मशीनचे २७ वजा केले की १७७ उरतात. उरलेला छोटा फरक पंख्यांचा असू शकतो, कारण पट्टीवरचे वॅट पूर्ण वेगाचे असतात.

दोन कामं अजून करा. फोटोतले दशांश चिन्ह पुन्हा तपासा. फ्लॅशच्या चकाकीत ०.८ चं ८ दिसतं, म्हणून फोटो थोडा तिरका आणि फ्लॅशशिवाय काढा, आणि जिथे वॅटही छापलेत तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर त्याच्या आसपास येतं का ते बघा. दुसरं, तुलना बिलाशी करू नका. बिलाचे दिवस ३० असतीलच असं नाही आणि कधी कधी ते अंदाजाने दिलेलं असतं. आठवडाभर रोज एकाच वेळी मीटर लिहा आणि त्याच आठवड्याचे तास मांडा. तुमची बेरीज मीटरपेक्षा जास्त निघाली तर थर्मोस्टॅटवाल्या वस्तूंचे तास पुन्हा पाहा. कमी निघाली तर यादीतून काहीतरी सुटलंय: पाण्याचा पंप, इस्त्री, किंवा सतत चालू राहणारा सेट-टॉप बॉक्स.