कॉफी बंद केल्यावर डोके का दुखते आणि ती कमी कशी करावी?

प्रश्न: मी रोज पाच कप इन्स्टंट कॉफी पितो. एकदम बंद केली तर दुसऱ्या दिवशी डोके असह्य दुखते. काय करावे?

दुसऱ्याच दिवशी दुखणे हे कॅफीन तुटल्याचे ठळक लक्षण आहे. शेवटच्या कपानंतर साधारण 12 ते 24 तासांत डोके जड होऊ लागते, पहिल्या दोन दिवसांत दुखणे टोकाला जाते आणि एकूण त्रास दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य रक्तवाहिन्या रुंदावते आणि गुंगी आणते. कॅफीन त्याची जागा अडवून ठेवते. रोजच्या सवयीने शरीर तशा जागा वाढवते, म्हणून कॅफीन अचानक थांबले की ॲडेनोसीनचा जोर एकाएकी जाणवतो.

कमी करताना कप न मोजता चमचे मोजावेत, कारण घाईत भरलेला शिगोशीग चमचा सपाट चमच्याच्या दीडपट सहज होतो. समजा, आपल्या पाच कपांत मिळून पाच सपाट चमचे पूड जाते. दर चार दिवसांनी एकूण मापातून अर्धा चमचा वजा करावा आणि सुरुवात संध्याकाळच्या कपापासून करावी, म्हणजे झोपही सुधारेल. सकाळच्या कपाला सर्वांत शेवटी हात लावावा, कारण रात्रभराच्या खंडानंतर शरीराला त्याचीच ओढ अधिक असते. दोन चमच्यांवर आल्यावर मात्र पाव चमच्याची पायरी घ्यावी. पाचातून अर्धा कमी करणे म्हणजे दहावा हिस्सा, पण एकातून अर्धा गेला तर निम्मे कॅफीन एकदम जाते, आणि बहुतेकांची योजना इथेच फसते. चिकोरीमिश्रित पूडही उपयोगी पडते, कारण चिकोरीत कॅफीन नसते. पाकिटावर तिचे प्रमाण छापलेले असते. कॉफीऐवजी चहा वाढवला तर मात्र हिशेब बिघडतो, कारण त्यातही कॅफीन असतेच.

एखाद्या पायरीवर डोके दुखले तर खाली उतरण्याची घाई न करता आणखी तीन-चार दिवस त्याच मापावर थांबावे. अगदीच सहन होत नसेल, तर पाव चमच्याची फिकी कॉफी घ्यावी. तासाभरात उतार पडला, तर कारण बहुधा कॅफीनच आहे. गोळी घ्यायची झाल्यास वेष्टनावरील घटक वाचावेत. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन मिसळलेले असते आणि ती वारंवार घेतल्यास कमी केलेली मात्रा मागच्या दाराने परत येते. साधी पॅरासिटामॉल त्या दृष्टीने बरी, पण तीही रोजची होऊ देऊ नये.

दुखणे क्षणार्धात अतितीव्र झाले, सोबत ताप आणि मान आखडणे, बोबडी वळणे किंवा हातापायांतील जोर जाणे असे काही दिसले, तर कॉफीचा विचार बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.