घटस्फोटानंतर फोनमधले फोटो

"घटस्फोट होऊन वर्ष झाले, तरी फोनमध्ये त्याचे शेकडो फोटो आहेत. आई म्हणते, सगळे पुसून टाक. मला पुसवतही नाही आणि बघवतही नाही. मुलगी सहा वर्षांची आहे. काय करू?"

गुहागरकडच्या एका ताईंची हकिकत येथे उपयोगी पडेल. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवरा मुंबईत आणि त्या मुलीला घेऊन माहेरी, अशी परिस्थिती होती. एकदा मुलीच्या भेटीवरून फोनवर खटका उडाला आणि त्याच रात्री त्यांनी त्याचे सगळे फोटो पुसून टाकले. आठवड्याने मुलीने बाबांच्या खांद्यावर बसलेला स्वतःचा फोटो मागितला, तेव्हा त्यांची तारांबळ उडाली. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले फोटो पुसल्यावरही Trash मध्ये 60 दिवस राहतात, म्हणून ते परत मिळाले. भांडणाच्या रात्री फोटो पुसणे हा निर्णय नसतो, तो त्या भांडणाचाच पुढचा भाग असतो, हे त्यांना तेव्हा उमगले.

मी त्यांना लगेच काही ठरवू दिले नाही. पंधरा दिवस एका वहीत एवढेच लिहायला सांगितले की फोटो कधी उघडले, त्याआधी काय घडले होते आणि पाहून झाल्यावर झोप लागली का. वहीतून जे दिसले ते दोघींनाही अनपेक्षित होते. लग्नाचे किंवा बारशाचे फोटो पाहून त्यांना वाईट वाटे, पण थोड्या वेळाने त्या कामाला लागत. झोप उडत होती ती शेवटच्या वर्षातल्या फोटोंनी. त्या फोटोंत त्याचा चेहरा मोठा करून, "तेव्हाच याच्या मनात होते का?" याचा शोध त्या तास-तासभर घेत असत, आणि तोही बहुधा त्याचा फोन येऊन गेलेल्या रात्रीच. अशा शोधाला अंत नसतो, कारण फोटोतल्या चेहऱ्यावरून मनातले कळत नाही. म्हणून किती फोटो ठेवायचे याचा विचार करण्याआधी, त्यांतले कोणते तुम्ही असे उगाळत बसता ते पाहावे.

शेवटच्या वर्षाचे फोटो त्यांनी पेनड्राइव्हवर उतरवून बहिणीकडे ठेवायला दिले आणि नीट उतरल्याची खात्री झाल्यावरच फोनमधून काढले. नुसते लपवणे त्यांच्या बाबतीत पुरेसे नव्हते, कारण लपवलेल्या फोल्डरचे कुलूप रात्री अकरा वाजता त्यांनाच उघडता येत होते. बहिणीकडे मागायचे म्हणजे दिवस उजाडण्याची वाट पाहणे आले, आणि तेवढा वेळ बहुतेकदा पुरतो.

दुसरा त्रास न मागता समोर येणाऱ्या आठवणींचा होता. सण तिथीने येतो आणि फोन तारखेने आठवण काढतो. 2019 साली गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला होती, तर 2023 साली 19 सप्टेंबरला. त्यामुळे गणपतीला अजून दोन आठवडे आहेत म्हणून निर्धास्त असताना आरतीच्या वेळचा जोडीचा फोटो अचानक पडद्यावर आला. यावर तारखा लपवून भागत नाही. गूगल फोटोजमधल्या Memories च्या सेटिंगमध्ये Hide people & pets येथे त्याचा चेहरा निवडला की त्याचे फोटो आठवणींत येणे बंद होते आणि मूळ फोटो मात्र जागच्या जागी राहतात. पाठमोरा किंवा अर्धवट चेहरा कधीकधी त्यातून सुटतो, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

मुलीचे बाबांबरोबरचे फोटो मात्र तिचे आहेत, असे मी स्पष्ट सांगितले. त्यांच्या दोन प्रती करून एक आजोळी आणि एक मावशीकडे ठेवली. काही फोटो छापून लहान अल्बम केला, पण तो पत्र्याच्या ट्रंकेत न ठेवता कोरड्या कपाटात ठेवला, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात छापील फोटो एकमेकांना चिकटतात. तो अल्बम मुलीच्या हाताला येईल असा असावा, मात्र तो दाखवण्याचा आग्रह कोणी धरू नये. फोटोतून बाबांचा भाग कात्रीने कापण्याचा आजीचा बेत होता, तो मी थांबवला. आपल्या बाजूची ती रिकामी जागा मूल पाहते, आणि बाबांबद्दल विचारायचे नाही असे समजून चुकते.

दोघांचे अगदी खाजगी फोटो मात्र ठेवू नयेत. ते Trash मधूनही काढून टाकावेत.

पोटगीचा किंवा मुलांच्या ताब्याचा दावा चालू असेल, तर वकिलांना विचारल्याशिवाय काहीच पुसू नये, कारण एखादा फोटो पुरावा म्हणून लागू शकतो आणि तेव्हा मूळ फाइल हाताशी असलेली बरी. मारहाण झाली असेल, तर जखमांचे फोटो विश्वासाच्या व्यक्तीकडे सुरक्षित ठेवावेत. अशा घरात मुलाच्या हाती अल्बम देण्याचा वरचा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही. मूल त्या चेहऱ्याला घाबरते का, हे समुपदेशकाने आधी मुलाशी बोलून पाहिले पाहिजे.